हृदयातली न चिकटलेली झडप आणि तरुण वयातला लकवा

मार्चचा शेवट. होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर खिडकीशी चढतात. चौतीस वर्षांचा एक तरुण पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी मानेवाड्याच्या घरी पोचला. चहा घेतला आणि मोठ्या भावाबरोबर लोखंडी कूलर स्टँडवर चढवायला लागला. दम धरून जोर लावला, कूलर बसला, आणि "दादा, पाणी दे" म्हणताना त्याच्या तोंडून भलतेच काहीतरी आले. पुन्हा बोलायला गेला तर शब्दच सापडेना. उजव्या हातातला पाना खाली पडला.

भावाने वेळ दवडली नाही. तासाभरात ते आमच्याकडे पोचले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता आणि लक्षणे सुरू होऊन साडेचार तास झालेले नव्हते, त्यामुळे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले. संध्याकाळपर्यंत हात उचलला गेला. बोलणे परतायला काही आठवडे लागले. त्याची आई पहिल्या दिवशी मला म्हणाली, "डॉक्टर साहेब, याला सगळं समजून राह्यलं, पण बोलताच येऊन नाही राह्यलं." जवळपास तेच झाले होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, वरच्या सालीत, बोलण्याच्या भागापाशी ताजी इजा दिसत होती. रक्तवाहिनीची एक फांदी कुठून तरी वाहत आलेल्या गुठळीने बंद झाली होती.

(ही हकीगत मी दोन-तीन रुग्णांच्या अनुभवांतून जुळवली आहे, म्हणजे कोणा एकाची ओळख पटू नये. त्यातले वैद्यकीय तपशील मात्र नेहमी दिसतात तसेच आहेत.)

गुठळी आली कुठून, हा खरा प्रश्न होता. साठीतल्या माणसाला लकवा झाला की बीपी, साखर, मानेतल्या रक्तवाहिनीतली चरबी, हृदयाची अनियमित लय ही कारणे बहुतेक वेळा समोरच असतात. चौतीस वर्षांच्या माणसात ती नव्हती. मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी स्वच्छ होती. वाहिनीचा आतला पापुद्रा फाटणे हे तरुणांतले एक मोठे कारण, तेही नव्हते. हृदयाचा साधा इको नॉर्मल होता, म्हणजे संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप नव्हती. हृदयाची लय सतत नोंदवणाऱ्या हॉल्टर यंत्रावर ती नियमित होती. रक्त गोठण्याचे दोष, होमोसिस्टीन, बी-१२ हे सगळे तपासले. आपल्या विदर्भात सिकल सेल पुष्कळ आढळतो, म्हणून तीही चाचणी झाली. काहीच सापडले नाही.

अशा वेळी आम्ही हृदयाच्या मधल्या पडद्याकडे पाहतो.

जन्माआधीची वाट

आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, त्यामुळे तिकडे फार रक्त पाठवून उपयोगही नसतो. ऑक्सिजन असलेले रक्त वारेतून नाळेवाटे येते आणि शरीराच्या खालच्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचते. तिथून ते फुप्फुसांना वळसा घालून थेट डाव्या कप्प्यात जावे, अशी सोय दोन्ही कप्प्यांमधल्या पडद्यात केलेली असते. पडदा दोन पदरांचा असतो. उजवीकडच्या जाड पदरात एक अंडाकार खिडकी असते आणि डावीकडचा पातळ पदर तिच्यावर झडपेसारखा टेकलेला असतो. उजवीकडून दाब आला की पातळ पदर हलतो आणि रक्त पलीकडे जाते. डावीकडून दाब आला की तोच पदर खिडकीवर घट्ट बसतो. दार एकाच बाजूला उघडते, असे समजा.

बाळ पहिल्यांदा रडते तेव्हा फुप्फुसे फुलतात. उजवीकडचा दाब उतरतो, डावीकडचा चढतो, आणि दार लागते. पुढच्या काळात बहुतेकांत हे दोन पदर एकमेकांना चिकटून जातात. पण साधारण चारातल्या एकात ते चिकटत नाहीत. दार लागलेले असते, पण त्याला कडी नसते. याला पेटंट फोरामेन ओव्हाले म्हणतात, थोडक्यात पीएफओ. लॅटिनमध्ये फोरामेन ओव्हाले म्हणजे अंडाकार छिद्र आणि पेटंट म्हणजे उघडे राहिलेले.

रुग्णाच्या आईला हे समजावताना तिने लगेच विचारले, "म्हणजे पोराच्या हृदयाला जन्मापासून छिद्र, अन् आम्हाले माहीतच नाही?" हा गैरसमज फार होतो. लहान मुलांचे जे 'हृदयाचे छिद्र' आपण ऐकतो, ज्यात मूल धापा टाकते किंवा वजन धरत नाही, त्यात पडद्याचा तुकडाच तयार झालेला नसतो. पीएफओमध्ये पडदा पूर्ण असतो, फक्त दोन पदर चिकटलेले नसतात. एरवी त्यातून रक्त जातही नाही, म्हणून आवाज येत नाही, दम लागत नाही आणि साध्या इकोत बहुधा काही दिसतही नाही. तुम्ही हा लेख बसमध्ये वाचत असाल तर आजूबाजूच्या चाळीस प्रवाशांपैकी दहाएक जणांच्या हृदयात हे न चिकटलेले दार असेल, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना त्याचा आयुष्यात कधी पत्ताही लागणार नाही.

गुठळीचा उलटा प्रवास

पायाच्या शिरांमध्ये रक्त सावकाश वरती चढते. दहा-बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसलेला माणूस, त्यात वारंवार उतरावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलेला, अशा वेळी पोटरीच्या शिरेत छोटी गुठळी धरू शकते. ती सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकते. छोटी असेल तर तिथेच विरघळून जाते. फुप्फुस हे शरीराचे गाळणे आहे.

पण ती गुठळी उजव्या कप्प्यात असताना क्षणभर उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वाढला तर? दार उघडते. गुठळी गाळण्याला चुकवून थेट डावीकडे जाते आणि तिथून पुढची थांबायची जागा मेंदूतही असू शकते. हा दाब कधी वाढतो? दम धरून जोर लावून सोडल्यावर. कुंथताना छातीतला दाब वाढतो आणि शरीराकडून येणारे रक्त अडते. जोर सोडताच अडलेले सगळे रक्त एकदम उजव्या कप्प्यात घुसते. एक-दोन ठोक्यांपुरता उजवीकडचा दाब वरचढ होतो. खोकला, बद्धकोष्ठात कुंथणे, जड वजन उचलणे यांत हेच घडते. कूलर स्टँडवर बसला आणि त्याने रोखलेला दम सोडला, तो क्षण आठवा.

शिरेतली गुठळी धमनीत जाऊ शकते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कोनहाइम यांनी १८७७ मध्येच एका तरुण स्त्रीच्या शवविच्छेदनावरून मांडले होते. अडचण अशी की जिवंत माणसात ही गुठळी दाराच्या फटीत अडकलेली दिसणे फारच दुर्मीळ. बहुतेकदा आपण फक्त सुरुवात आणि शेवट पाहतो, मधला प्रवास अंदाजाने जोडतो. आमच्या रुग्णाच्या दोन्ही पायांच्या शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी तिसऱ्या दिवशी केली, त्यात गुठळी नव्हती. त्यावरून ती कधीच नव्हती असे म्हणता येत नाही. जी होती ती सुटूनही गेली असेल, किंवा ओटीपोटातल्या खोल शिरांत असेल, जिथे डॉपलर नीट पोचत नाही.

बुडबुड्यांची तपासणी

आता दार उघडे आहे का ते कसे कळणार? बंद दाराकडे नुसते पाहून कळत नाही. त्यातून काहीतरी जाताना दिसावे लागते. यासाठी आहे बबल स्टडी. ती अगदी साध्या सामानात होते, आणि ती नीट न झाल्यामुळे चुकीचा निर्णय होण्याची उदाहरणेही मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हाताच्या कोपरापाशी शिरेत सलाइनची सुई लावतात. तिला थ्री-वे जोडतात, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी, आणि दोन तोंडांना दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज. एका सिरिंजमध्ये ९ मिलिलिटर सलाइन आणि १ मिलिलिटर हवा. काही ठिकाणी त्यात रुग्णाचेच थोडे रक्त मिसळतात, त्याने बुडबुडे जास्त बारीक होतात आणि टिकतात. मग हे मिश्रण एका सिरिंजमधून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, असे दहा-पंधरा वेळा जोरात ढकलतात. पाणी दुधाळ दिसायला लागते. वर राहिलेली मोठी हवा काढून टाकतात आणि ते मिश्रण झटकन शिरेत सोडतात. तंत्रज्ञाच्या हातात इकोचे यंत्र असते आणि स्क्रीनवर हृदयाचे चारही कप्पे.

शिरेत हवा सोडली तर माणूस दगावतो असे ऐकलेले असल्यामुळे नातेवाईक या जागी घाबरतात. इथे हवा थोडी असते आणि बारीक बुडबुड्यांत फुटलेली असते. बुडबुडे फुप्फुसाच्या केसाहून बारीक नळ्यांत अडतात आणि विरघळतात. गंभीर त्रास फारच क्वचित होतो.

स्क्रीनवर आधी उजवा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो, जणू अंधाऱ्या खोलीत धुके शिरावे. डावा कप्पा काळाच राहायला हवा. तिथे पांढरे ठिपके दिसले तर दोन गोष्टी मोजायच्या: किती आले आणि कितव्या ठोक्याला आले. उजवा कप्पा भरल्यापासून पहिल्या तीन ठोक्यांच्या आत आले, म्हणजे ते दारातूनच आले. चार-पाच ठोक्यांनंतर रेंगाळत आले तर वाट बहुधा फुप्फुसातली असते. तिथे धमनी आणि शीर थेट जोडली गेली असेल तर बुडबुडे गाळण्याला चुकवून येतात. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा उपायही वेगळा. तीन ठोके म्हणजे दोन-सव्वादोन सेकंद. म्हणून चित्रण रेकॉर्ड करून नंतर ठोकाठोका पुढे-मागे सरकवत पाहावे लागते. डोळ्यांदेखत घाईने मोजलेल्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आमच्या रुग्णाची पहिली बबल स्टडी दुसऱ्या केंद्रावर झाली होती. रिपोर्टवर एकच ओळ होती: "शंट नाही." शंट म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारी रक्ताची आडवाट. मी चित्रण मागवून पाहिले. बुडबुडे उजवीकडे छान भरले होते, पण रुग्णाला जोर लावायला सांगितलेले दिसत नव्हते. बोलायला न येणारा आणि सूचना अर्धवट कळणारा माणूस, त्याला "श्वास रोखा, जोर लावा" एवढे म्हणून काय कळणार? दाब उलटला नाही, तर दार उघडणार कसे?

चार दिवसांनी तपासणी पुन्हा केली. यावेळी सुई लावण्याआधीच तालीम घेतली. तंत्रज्ञाने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि सांगितले, "माझा हात पोटाने वर ढकला, नाक-तोंड बंद, मी सांगेपर्यंत सोडू नका." दोन वेळा कोरडी तालीम झाली. जोर पुरेसा लागला की नाही हे स्क्रीनवरच कळते. जोर असताना कप्पे आकसतात, आणि सोडताच मधला पडदा डावीकडे फुगून येतो. तो फुगला नाही तर चाचणी नकारार्थी नाही, अपुरी आहे. मग बुडबुडे सोडले. उजवा कप्पा भरला, तंत्रज्ञ म्हणाली, "सोडा!" दुसऱ्या ठोक्याला डाव्या कप्प्यात पांढऱ्या ठिपक्यांची झुंबड आली. थांबवलेल्या चित्रात आम्ही तीसहून जास्त मोजले. वीसपेक्षा जास्त म्हणजे मोठा शंट समजतात.

आणखी एक बारकावा आहे, तो आईच्या पोटातल्या त्याच जुन्या सोयीचा. खालच्या शिरेतून येणारे रक्त उजव्या कप्प्यात शिरताना तिथल्या एका पातळ पट्टीमुळे सरळ मधल्या पडद्याच्या दिशेने जाते. हातातून, म्हणजे वरच्या शिरेतून येणारे रक्त मात्र खालच्या झडपेकडे वळते. पायातली गुठळी दारावरच येऊन आदळते, तर हातातून सोडलेले बुडबुडे दाराला बगल देऊन जातात. त्यामुळे बबल स्टडीत शंट प्रत्यक्षापेक्षा छोटा दिसू शकतो. संशय दाट असेल तर एका नकारार्थी रिपोर्टवर थांबू नये.

दुसरे दोन मार्गही आहेत. कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या धमनीतून जाणारे बुडबुडे ऐकता येतात. ही पद्धत फार संवेदनशील आहे, पण बुडबुडे हृदयातून आले की फुप्फुसातून, हे ती नेमके सांगू शकत नाही. घशातून नळी घालून केलेल्या इकोत पडदा जवळून दिसतो, दाराची लांबी-रुंदी कळते. पण त्यासाठी गुंगी द्यावी लागते आणि गुंगीतला माणूस जोर लावत नाही. म्हणून उघडझाप आधी छातीवरून पाहायची आणि रचना घशातून, असे मला बरे वाटते. घशातल्या इकोत मी मुख्यतः एक गोष्ट शोधतो: पडद्याचा मधला भाग ठोक्यागणिक शिडासारखा हेलकावतो का. मधल्या रेषेपासून दहा मिलिमीटर किंवा जास्त हलत असेल तर त्याला पडद्याचा एन्युरिझम म्हणतात, आणि त्याची नोंद निर्णयात वजनदार असते. आमच्या रुग्णाचा पडदा शांत होता.

दार सापडले, पण दोषी तेच का?

या ठिकाणी घरचे म्हणतात, "सापडलं ना कारण? करून टाका बंद." आणि इथेच थांबून विचार करायला हवा. चारातल्या एकाच्या हृदयात हे दार असते, तर लकवा झालेल्या कोणत्याही चार माणसांपैकी एकाच्या हृदयात ते योगायोगानेही सापडेल. चोरी झालेल्या वाड्याचे मागचे दार उघडे सापडले, म्हणून चोर तिथूनच आला असे होत नाही. वाड्यातली अर्धी दारे वर्षानुवर्षे उघडीच असतील.

तरुणांत मात्र हे दार योगायोगापेक्षा जास्त वेळा सापडते. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात लकवा झालेल्या पंचावन्नच्या आतल्या रुग्णांत ते ४० टक्के जणांत सापडले, निरोगी लोकांत १० टक्के; छातीवरून केलेल्या इकोत सगळी दारे दिसत नाहीत, म्हणून हा आकडा पंचवीसपेक्षा कमी. आता या दोन्ही गोष्टी एकत्र धरून या एका माणसात दार दोषी असण्याची शक्यता किती, हे ठरवायला एक स्कोअर आहे. त्याचे नाव रोप.

तो शून्य ते दहाचा आहे आणि उलटा चालतो: इतर कारणे जितकी कमी, गुण तितके जास्त. बीपी नाही, एक. मधुमेह नाही, एक. आधी लकवा झालेला नाही, एक. सिगारेट ओढत नाही, एक. इजा मेंदूच्या सालीपर्यंत आहे, एक. आणि वय: तिशीच्या आत पाच गुण, तिशीत चार, चाळिशीत तीन, पन्नाशीत दोन, साठीत एक, सत्तरीपुढे शून्य. आमच्या रुग्णाचे गुण नऊ आले. ज्यांचे गुण नऊ-दहा असतात त्यांच्यात सापडलेले दार दोषी असण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के निघते. शून्य ते तीन गुणांत ती जवळपास शून्य आहे.

हा स्कोअर खर्ऱ्याबद्दल काहीच विचारत नाही. आमचा रुग्ण सिगारेट ओढत नव्हता, पण रोज चार-पाच खर्रे खात होता. तंबाखू ती तंबाखूच. म्हणून मी मनातल्या मनात त्याचा तो एक गुण कापला. आठ उरले, तरी चित्र बदलत नव्हते. पण खर्रा सुटला नाही तर दार बंद करून आपण अर्धेच काम केले, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

त्याच महिन्यात दुसरा एक रुग्ण आला. सत्तावन्न वर्षे, बीपी, मधुमेह, दिवसाला दहा सिगारेट. एमआरआयमध्ये खोल भागात बारीक इजा, जी बीपी-साखरेने बारीक वाहिन्या खराब झाल्यावर होते तशी. कोणीतरी बबल स्टडी केली होती, डावीकडे पाच बुडबुडे आले होते. मुलाने दार बंद करण्याचा आग्रह धरला. त्याचे गुण होते तीन: वयाचे दोन आणि पहिलाच लकवा म्हणून एक. शिवाय हा स्कोअर कारण न सापडलेल्यांसाठी आहे, आणि इथे कारण समोर बसले होते. त्याच्या हृदयातले दार सत्तावन्न वर्षे निमूटपणे तिथे होते. ते बंद केले असते तर बीपीची गोळी घ्यायची निकड कमी झाल्यासारखी वाटली असती, आणि हा धोका दारापेक्षा मोठा होता.

बंद कधी करायचे

दार बंद करून फायदा होतो का, याचे उत्तर मिळायला वेळ लागला. २०१२-१३ मध्ये आलेल्या तीन चाचण्यांत स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही. कारण समजण्यासारखे आहे. या तरुणांना दुसरा लकवा होण्याचा धोका मुळात दरवर्षी शंभरात एकाच्या आसपास. इतका थोडा धोका कमी झालेला दिसायला माणसे नेमकी निवडावी लागतात आणि वर्षानुवर्षे थांबावे लागते. २०१७ मध्ये तीन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, निवड कडक होती आणि काही रुग्णांवर पाच-सहा वर्षे लक्ष ठेवलेले होते. त्यातल्या फ्रान्समधल्या क्लोज चाचणीत मोठा शंट किंवा हलणारा पडदा असलेलेच रुग्ण घेतले होते. दार बंद केलेल्या २३८ जणांत पुन्हा लकवा एकालाही झाला नाही. फक्त रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्या २३५ जणांत तो १४ जणांना झाला.

नंतर, २०२१ मध्ये, अशा सहा चाचण्यांतले ३,७४० रुग्ण एकत्र करून पाहिले गेले. गोळ्यांवर असलेल्यांत वर्षाला शंभरात साधारण १.१ जणांना पुन्हा लकवा झाला, दार बंद केलेल्यांत ०.५ जणांना. मला या अभ्यासातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. रोपचे गुण सात किंवा जास्त, आणि त्यासोबत मोठा शंट किंवा हलणारा पडदा, असे दोन्ही असलेल्यांत पुन्हा लकवा होण्याचा धोका नव्वद टक्क्यांनी घटला. दोहोंपैकी एकच असलेल्यांत फायदा मध्यम. आणि दोन्ही नसलेल्यांत काहीच फायदा दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढले. दार तेच, उपकरण तेच, आणि फळ माणसागणिक इतके वेगळे.

म्हणून आज आम्ही हृदयरोगतज्ज्ञांसोबत बसून ठरवतो. वय साधारण अठरा ते साठ. इजा गुठळीने झाल्यासारखी. दुसरे कारण कसून शोधूनही न सापडलेले, आणि चाळिशीपुढच्या माणसात त्यासाठी हृदयाची लय काही आठवडे नोंदवलेली. मग शंट आणि पडदा. पायात गुठळी सापडली किंवा रक्त गोठण्याचा विकार निघाला, तर रक्त पातळ करणारी औषधे त्या कारणासाठी द्यावीच लागतात आणि दार बंद करणे त्यांची जागा घेत नाही. नुसते दार सापडले आणि लकवा कधी झालेलाच नाही, तर बंद करायचे नाही. अर्धशिशीसाठीही नाही. घाई कशाचीच नसते. आमच्या रुग्णाचे काम लकव्यानंतर सात आठवड्यांनी झाले.

प्रत्यक्ष कामात छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या कप्प्यात नेतात, तिथून दाराच्या फटीतून डावीकडे. नळीतून निकेल-टायटॅनियमच्या तारांची विणलेली चकती डावीकडे उघडतात, पडद्यावर ओढून बसवतात, मग तिची जोडीची चकती उजवीकडे उघडतात. पडदा दोन चकत्यांमध्ये धरला जातो. काही महिन्यांत त्यांच्यावर शरीराचेच अस्तर चढते. निकेलची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगायला हवे.

याची किंमत मोजावी लागते, आणि ती मी पैशांची म्हणत नाही. शंभरातल्या चार ते सहा जणांत नंतर हृदयाची लय बिघडते, वरचे कप्पे थरथरतात. बहुतेकदा हे पहिल्या दीड महिन्यात होते आणि शमते. पण धडधड जाणवली तर त्याच दिवशी ईसीजी काढायला हवा, कारण ही लय स्वतःच गुठळी करू शकते. चकतीवर गुठळी धरणे किंवा ती जागेवरून सरकणे क्वचित घडते. पहिले काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, मग बराच काळ एक. आणि पहिले सहा महिने दातांचे मोठे काम असेल तर दंतवैद्याला चकतीबद्दल सांगायचे, म्हणजे आधी अँटिबायोटिक देता येते.

हे सगळे मी आई, बायको आणि दादासमोर मांडले. बायकोने हिशोब मागितला. मी कागदावर लिहिला: तुमच्या नवऱ्यासारख्या शंभर जणांत पुढच्या दोन वर्षांत बंद केल्याने साधारण दोघांचा लकवा टळतो. तो कागद घेऊन ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "दोन वर्षांत दोन म्हणजे थोडे वाटतात. पण याला अजून तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत." मला तिचा विचार बरोबर वाटला. तेच गणित सत्तरीच्या माणसाने वेगळे सोडवले असते.

दादाने शेवटी विचारले की आपणही बबल स्टडी करून घ्यायची का, कारण रक्त तर एकच. मी नको म्हटले. दार त्याच्याही हृदयात असू शकेल. पण लकवा नाही, तर त्या उत्तराचे त्याने करायचे काय?

सहा महिन्यांनी रुग्ण पुन्हा इकोच्या टेबलावर होता. पोटावर तोच हात, तीच तालीम. "सोडा!" उजवा कप्पा पांढरा झाला. आम्ही दहा ठोक्यांपर्यंत चित्र पुढे सरकवले. डावीकडे काहीच आले नाही. उठता उठता त्याने तंत्रज्ञाला विचारले, "ताई, यावेळी किती आले?" बोलताना आता तो फक्त लांब शब्दांवर जरासा थांबतो.